ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

यवतमाळहून धामणगावला जाताना लागणाऱ्या बाभुळगावात आमचं एक छोटं वाचनालय आहे. त्याची वेबसाइट मी बरीच वर्षं बिनपगारी सांभाळली. नागपूरला मुलाकडे राहायला जायचं ठरलं, तेव्हा हे काम घ्यायला गावातलीच एक मुलगी तयार झाली. बीएस्सी झालेली, शिकवण्या घेते, मला काका म्हणते. तिच्यासाठी मी दोन पानी कागद तयार केला आणि तो नुसता हातात न देता तिला म्हटलं, "मी बोलणार नाही. कागद वाचून तूच सगळं उघडून बघ."

पहिली नोंद रजिस्ट्रारची. डोमेनचं नाव आपण जिथे पैसे भरून नोंदवतो ती कंपनी म्हणजे रजिस्ट्रार. खातं कोणत्या ईमेलवर आहे आणि पासवर्ड सचिवांच्या कपाटातल्या कोणत्या पाकिटात आहे, एवढंच मी लिहिलं होतं. पासवर्ड कागदावर नाहीच. तिने लॉग-इन केलं आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

"काका, ओटीपी तुमच्याकडे आला."

या चाचणीतून मला नेमकं हेच बघायचं होतं. तिथेच थांबून आम्ही नंबर बदलला आणि दुसरा नंबर सचिवांचा घातला. खात्याचा ईमेल मात्र मी मुद्दाम बाहेरच्या मोफत सेवेवर ठेवला होता, वाचनालयाच्या स्वतःच्या डोमेनवर नाही. डोमेनची मुदत संपली की त्यावरची मेलही बंद पडते, मग पासवर्ड बदलण्याचा दुवा जाणार कुठे? नोंदणीतल्या मालकाच्या रकान्यातही वाचनालयाचं नाव आहे, माझं नाही.

दुसरी नोंद डीएनएसची. इथे पोरगी अडखळली. मी तिला एक निरुपद्रवी टीएक्सटी नोंद घालायला सांगितली होती. तिने ती रजिस्ट्रारच्या पानावर घातली, तिथे ती सेव्हही झाली, पण बाहेरून तपासलं तर कुठेच दिसेना. कारण आमचे नेमसर्व्हर दुसऱ्या कंपनीचे आहेत. रजिस्ट्रारकडे फक्त "या नावाची माहिती अमक्याला विचारा" एवढंच लिहिलेलं असतं, खऱ्या नोंदी त्या अमक्याकडे असतात. रजिस्ट्रारच्या पानावरचा तक्ता दिसायला अगदी तसाच असतो, म्हणून भलेभले फसतात. नेमसर्व्हर कोणाचे, हे एका ओळीत कळतं (example.org च्या जागी आपलं नाव घालायचं):

```
dig +short NS example.org
```

ही ओळ आणि तिचं अपेक्षित उत्तर, दोन्ही आता कागदावर आहेत.

तिसरी नोंद सर्टिफिकेटची. आमचं लेट्स एन्क्रिप्टचं, मुदत ९० दिवसांची, आणि ३० दिवस उरले की सर्व्हर ते स्वतःच बदलून घेतो. पूर्वी बदल झाला नाही तर त्यांची ईमेल यायची. ४ जून २०२५ पासून त्यांनी ती बंद केली. म्हणून कागदात ठरावीक तारीख लिहिण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी महिन्यातून एकदा हे चालवायचं, असं लिहिलं:

```
echo | openssl s_client -connect example.org:443 \
  -servername example.org 2>/dev/null |
  openssl x509 -noout -enddate
```

उत्तरातली तारीख पंचवीस दिवसांवर आली असेल, तर साइट अजून नीट उघडत असली तरी आपोआप होणारा बदल अडकला आहे, असं समजायचं. दुरुस्तीला अजून तीन आठवडे हातात असतात.

राहिली डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख. "ऑटो-रिन्यू चालूच आहे की," ती म्हणाली. आहे, पण मी त्यावर विसंबत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला आधी ई-मँडेट नोंदवावा लागतो. ज्या कंपनीने ती सोय केलेली नाही, तिची वसुली बँक नाकारते. शिवाय कोषाध्यक्ष बदलले की कार्डही बदलतं. आमचं डोमेन नोव्हेंबरात संपतं, तरी कागदावर मोठ्या अक्षरात सप्टेंबर लिहिलाय: कार्यकारिणीची मंजुरी घ्यायची, पैसे हाताने भरायचे आणि नवी मुदत दिसली की पावती हिशेबाच्या फाइलला लावायची.

मुदत टळली तर .org सारखं नाव लगेच जात नाही. रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात ते परत देतो. एकदा त्याने ते काढून टाकलं, की ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ सुरू होतो आणि त्यात जादा शुल्क पडतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येतं. मोठ्यांचंही असं होतं: १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या passport.com चं शुल्क भरायचं राहून गेलं आणि हॉटमेलवाल्यांचं लॉग-इन अडलं. ते ३५ डॉलर एका परक्याच प्रोग्रामरने भरले.

"मग एकदम दहा वर्षांचेच भरून टाकू," ती म्हणाली. तेवढे भरता येतात, पण मी नको म्हटलं. दहा वर्षांत फोन नंबर बदलतात, सचिव बदलतात आणि त्या खात्यात कोणी शिरतही नाही. आम्ही दोन-दोन वर्षांचेच भरतो. तिला ते फारसं पटलं नाही. पुढचा निर्णय तिचाच.