मंजुरी अजून यायची आहे

वेबसाइट तयार असते. फोटो चढलेले, दर भरलेले, कुरिअरचा हिशोब जुळलेला. तरी दुकान उघडण्याचा दिवस पुढे जातो, कारण पेमेंट गेटवेची मंजुरी आलेली नसते. नगरमध्ये बसून छोट्या उद्योगांच्या वेबसाइट करताना हा निरोप मला वरचेवर लिहावा लागतो, आणि या कामातला सर्वांत जबाबदारीचा मजकूर मी त्यालाच मानतो. समोरच्या माणसाने तारीख चार लोकांना सांगितलेली असते. माल बांधून ठेवलेला असतो.

आमच्या व्यवसायात सर्रास जाणारा निरोप असा असतो : 'काही तांत्रिक अडचणीमुळे लाँच पुढे ढकलत आहोत, लवकरच कळवू.' हे वाक्य मला मान्य नाही. अडचण तांत्रिक नसतेच, कागदांच्या तपासणीची असते. 'तांत्रिक' वाचलं की ग्राहकाला वाटतं साइट बिघडली, आणि तो अशा ठिकाणी उत्तर शोधू लागतो जिथे काही अडलेलंच नाही. 'लवकरच' या शब्दावर त्याला पुढचं काहीही ठरवता येत नाही. माल थांबवायचा की फोनवर विकायचा, हे तो कशाच्या आधारे ठरवणार?

मुळात अडतं काय, ते नीट समजलं तरच निरोप नीट लिहिता येतो. ग्राहकाने साइटवर भरलेले पैसे आधी गेटवे कंपनीच्या एस्क्रो खात्यात जातात आणि तिथून विक्रेत्याच्या बँक खात्यात. मधल्या काळात लोकांचे पैसे या कंपनीच्या ताब्यात असतात, म्हणून मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर नियम घातले. विक्रेता खरा आहे का, बनावट किंवा बंदी असलेला माल तर विकत नाही ना, हे तिने तपासायचं. विक्रेत्याच्या साइटवर अटी आणि पैसे परत करण्याची मुदत स्पष्ट लिहिलेली हवी. त्यामुळे तपासणारा माणूस पॅन, जीएसटी, बँकेचे कागद तर पाहतोच, शिवाय साइटही उघडून वाचतो. साइट पासवर्डमागे झाकलेली असेल, तर अर्ज तिथेच थांबतो.

अकोले तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम माझ्याकडे होतं. इंद्रायणी आणि काळभात तांदूळ, हुलगे, वरई असा माल. भाताची काढणी झाली की नव्या तांदळाची मागणी येते, तेव्हा साइट सुरू व्हायला हवी होती. चाचणीच्या कळांवर सगळं चालत होतं. 4111 ने सुरू होणारा खोटा कार्ड क्रमांक टाकला की ऑर्डर नोंदली जात होती. संचालकांनी हे स्वतः पाहिलं होतं, त्यामुळे आता अडलंय कुठे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. चाचणीच्या कळांवर एक रुपयाही खरा फिरत नाही. खऱ्या कळा मंजुरीनंतरच मिळतात.

अर्ज शंका लावून परत आला होता. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. कंपनीच्या जीएसटी प्रमाणपत्रावर जुनं 'अहमदनगर' होतं, बँकेच्या नव्या खातेउताऱ्यावर 'अहिल्यानगर'. आपल्याला हे एकच ठिकाण. दूरच्या शहरात बसून दोन कागद शेजारी ठेवणाऱ्याला ते दोन जिल्हे दिसले. दुसरी शंका साइटबद्दल होती : 'पैसे परत केले जातील' असं लिहिलं होतं, पण किती दिवसांत ते नव्हतं.

मी पाठवलेला निरोप असा :

'नमस्कार सर. साइट तयार आहे, पण गेटवे कंपनीची मंजुरी न आल्याने सोमवारी ऑनलाइन पैसे घेता येणार नाहीत. त्यांनी दोन शंका काढल्या आहेत. पहिली, जीएसटी आणि बँकेच्या कागदावर जिल्ह्याचं नाव वेगळं आहे. दुसरी, पैसे परत करण्याची मुदत लिहिलेली नाही. मुदत मी आज टाकली आहे : सात कामकाजाचे दिवस. तुम्हाला मान्य नसेल तर लगेच कळवा. तुमच्याकडून एक पत्र हवं : कंपनीच्या लेटरहेडवर, दोन्ही नावं एकाच जिल्ह्याची आहेत असं लिहून, सही-शिक्क्यासह. सोबत नामांतराच्या सरकारी अधिसूचनेची प्रत मी जोडतो. पत्र उद्या दुपारपर्यंत आलं तर उद्याच अर्ज पुन्हा जाईल. मंजुरी कोणत्या दिवशी येईल ते त्यांच्या हातात आहे, म्हणून तारीख सांगत नाही. मंजुरीनंतर मला चाचणीला एक दिवस लागेल. तोवर सोमवारी साइट लोकांना पाहायला खुली ठेवू आणि ऑर्डर फोनवर घेऊ. चालेल का? गुरुवारी संध्याकाळी, मंजुरी आली असो वा नसो, मी पुन्हा लिहितो.'

यात तारीख मुद्दाम दिलेली नाही. ज्या निर्णयावर माझा ताबा नाही त्याची तारीख दिली, की ती चुकल्यावर पुढचं माझं काहीच खरं वाटत नाही. मात्र पुढच्या निरोपाचा दिवस माझ्या हातात असतो, म्हणून तो ठामपणे दिला. आणि गुरुवारी सांगण्यासारखं काही नसलं तरी 'अजून तपासणी चालू आहे' एवढं लिहायचंच. ग्राहकाला विचारावं लागलं, तर तो निरोप उशिरा गेला असं मी समजतो.

लाँचचे दोन भाग केल्यामुळे सर्वांत जास्त उपयोग झाला. तपासणीसाठी साइट उघडी ठेवावीच लागते, मग लोकांनाही ती पाहू द्यावी. फक्त 'खरेदी करा' या बटणाच्या जागी कंपनीचा फोन नंबर. पैसे थेट कंपनीच्या बँक खात्यात. संचालकांनी विचारलं, तोवर माझा स्वतःचा क्यूआर कोड लावू का? मी स्पष्ट नाही म्हटलं. पैसे भरताना मोबाइलवर कंपनीऐवजी एका व्यक्तीचं नाव दिसलं की पुण्या-मुंबईचा अनोळखी ग्राहक मागे फिरतो, आणि कंपनीच्या विक्रीचे पैसे खासगी खात्यात गेले की सभासदांना हिशोब देणं कठीण होतं. त्यात गेटवेचा तपासनीस तीच साइट पाहत असतो.

मंजुरी आल्यावर लागणारा एक दिवस निरोपात लिहिलेला असावा, कारण 'मंजुरी आली' आणि 'दुकान सुरू झालं' यात काम उरतं. खऱ्या कळा बसवायच्या, स्वतःच्या खात्यातून थोडी रक्कम भरून पाहायची, ऑर्डर नोंदली गेली का ते पाहायचं, मग तीच रक्कम परत करून बघायची. पैसे कटले पण ऑर्डर दिसली नाही, असा प्रकार इथेच उघडा पडतो. पहिल्या विक्रीचे पैसेही लगेच बँकेत येत नाहीत, साधारण दोन कामकाजाचे दिवस जातात. हेही आधी सांगितलं नाही, तर पहिल्याच दिवशी घाबरलेला फोन येतो.

आपल्या जिल्ह्यात हे काम करणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. गेटवेचा अर्ज शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. काम हातात आलं त्याच दिवशी पॅन, जीएसटी, कॅन्सल चेक आणि खातेउतारा टेबलावर शेजारी मांडा, आणि कंपनीचं नाव व जिल्हा प्रत्येक कागदावर अक्षरन् अक्षर ताडून पाहा. जुन्या-नव्या नावांचे कागद इथे अजून बरीच वर्षं एकत्र फिरणार आहेत.