उतू आलं म्हणजे उकळलं नव्हे

दिवाळीत ताई पुण्याहून पोरांना घेऊन आली होती. सकाळी धार काढताना भाचा पेला घेऊनच म्हशीजवळ उभा. त्याला धारोष्ण दूध हवं होतं. मी नाही म्हटलं तर ताईच रुसली. "दादा, आपण लहानपणी असंच पीत होतो की. आणि तिकडं पिशवीचं दूध मी नुसतं कोमट करून देते, उकळतही नाही. काही होत नाही."

तिचं पिशवीच्या बाबतीत बरोबर होतं, पण आमच्या म्हशीच्या बाबतीत नव्हतं. गोठ्यातल्या दुसऱ्या म्हशीनं महिन्यापूर्वी आठव्या महिन्यात गाभ टाकला होता आणि वारही अडकली होती. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, ब्रुसेला निघाला. हा जंतू दुधातून येतो आणि जनावर दिसायला ठणठणीत असलं तरी येतो. त्यामुळं धार देणाऱ्या म्हशीचीही खात्री नव्हती. आमच्या चुलत्यांना पूर्वी हेच झालं होतं. संध्याकाळी ताप, रात्री घाम, कंबर धरलेली. तीन महिने टायफॉइड समजून औषधं चालली, मग सहा आठवडे वेगळ्या गोळ्या खाव्या लागल्या.

पिशवीचं दूध डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं. तेवढ्यात ब्रुसेला आणि टीबीचे जंतू मरतात. तिथं यंत्रामुळं दुधाचा थेंबन् थेंब त्या तापमानाला जातो. मग आपल्या कच्च्या दुधालाही ७२ अंश पुरे की? पुरे आहेत. पण चुलीवर ७२ कळणार कसं, आणि सगळ्या पातेल्यात सारखं झालं हे कोण सांगणार? उकळी हाच आपला थर्मामीटर.

त्यातही एक फसगत आहे. ताईसमोरच मी चार लिटर दूध मोठ्या आचेवर न ढवळता ठेवलं आणि काचेचा थर्मामीटर मधोमध धरला. फेस काठाला आला तेव्हा आकडा ९१ होता, म्हणजे दूध अजून उकळलंच नव्हतं. खालची वाफ सायीखाली अडकली की दूध वर चढतं, आणि आपण घाईनं गॅस बंद करतो. ९१ लाही जंतू टिकत नाहीत, पण पातेलं मोठं आणि आच एका बाजूला असली तर सगळीकडं ९१ असतंच असं नाही. वरच्या फेसाचं तर सांगताच येत नाही. म्हणून दूध वर आलं की आच बारीक करायची, पळीनं तळापासून ढवळत राहायचं आणि मधोमध खळखळ दिसू लागली की त्यापुढं दोन-तीन मिनिटं. आमच्याकडं तेव्हा आकडा ९८ ला थांबला. दहा मिनिटं आटवायची गरज नाही, बासुंदी करायची असेल तर गोष्ट वेगळी.

पिशवीला मात्र ताईची पद्धत चालते, पण अटी आहेत. दुकानात पिशवी गार असावी, तारखेतली असावी, फुटलेली नसावी आणि घरीही फ्रीजमध्येच राहिलेली असावी. मग लागेल तेवढं दूध कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवलं तरी भागतं. आमच्या गावात पिशवी उन्हात क्रेटमध्येच पडलेली असते, त्यात लाईट गेलेली. अशी पिशवी मी आणल्या आणल्या उकळतो. फाटलं तर निदान कळतं तरी. टेट्रा पॅकचं दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवलेलं असतं. ते फोडेपर्यंत बाहेर टिकतं आणि फोडल्यावर तसंच प्यायलं तरी चालतं. मात्र उरलेलं फ्रीजमध्येच.

आता आपल्या गोठ्याबद्दल, कारण इथं उकळीवर जास्त विसंबतात. काससुजीच्या सडाचं दूध "उकळलं की झालं" म्हणून घरात वापरू नका. दूध कोमट अवस्थेत तासन् तास राहिलं तर काही जंतू त्यात विष सोडतात. उकळल्यावर जंतू मरतात, विष तसंच राहतं आणि उलट्या होतात. सडात सोडलेल्या अँटिबायोटिकचंही तसंच, ते उकळून पुरतं जात नाही. औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस पाळायचे आणि तेवढे दिवस ते दूध वेगळं काढायचं. उकळलेलं दूधही झाकून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून पटकन निववायचं आणि फ्रीजमध्ये टाकायचं.

भाच्याला शेवटी उकळलेलंच दूध दिलं. धारेसारखा फेस यावा म्हणून दोन पेल्यांतून वर-खाली ओतलं, तेव्हा कुठं प्यायला. डॉक्टर येत्या आठवड्यात बाकीच्या जनावरांचं रक्त नेणार आहेत. चार ते आठ महिन्यांच्या रेड्यांना लसही टोचायची आहे, पण फक्त माद्यांना. ती जिवंत लस आहे, टोचताना सुई आपल्या हाताला लागणार नाही एवढं बघा.