फुगलेलं नोटबुक

ज्युपिटर नोटबुक वापरणाऱ्यांनी एकदा तरी .ipynb फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघावी. ती निव्वळ जेसन, म्हणजे मजकूर असतो. त्यात कोड असतो आणि शेवटच्या रनचं आउटपुटही. चित्र मजकुरात मावत नाही, म्हणून ते बेस-64 करून कोंबलं जातं. त्यात 3 बाइटची 4 अक्षरं होतात, म्हणजे चित्र एक तृतीयांशाने वाढलंच!

मानोऱ्याला माझा मामेभाऊ असतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी त्याने सॅटेलाइटच्या फोटोंवरून कपाशी आणि सोयाबीनची शेतं वेगळी ओळखायचा मॉडेल बनवलाय. सरांना फोल्डर मेल करायचं होतं. जीमेलची मर्यादा 25 एमबी, आणि फोल्डर 210 एमबी. फोनवर म्हणतो, "दादा, कोड त दोनशे ओळीचाच आहे, मंग फाईल एवढी फुगली कायनं?"

कारण एक लूप. त्यात 300 डीपीआयचे 60 नकाशे स्क्रीनवर दाखवले होते. प्रत्येकी साधारण 1.2 एमबी, म्हणजे 72, आणि बेस-64 नंतर 96 एमबी. पण 210 कुठून आले? तर .ipynb_checkpoints या लपलेल्या फोल्डरमध्ये त्याच नोटबुकची आणखी एक 96 एमबीची प्रत बसली होती. खरा डेटा फक्त 18 एमबी.

लगेच पुसू नकोस म्हटलं. मॉडेल रात्रभर चालला होता आणि अचूकतेचा आकडा फक्त त्या आउटपुटमध्येच छापलेला होता. पुसला असता तर पुन्हा एक रात्र! आधी तो आकडा सीएसव्हीत उतरवला, रिपोर्टमधले तीन नकाशे वेगळे सेव्ह केले. मग नोटबुकचा टॅब बंद करून (नाहीतर ऑटोसेव्ह जुनं आउटपुट परत लिहू शकतो) ही कमांड:

```
jupyter nbconvert --clear-output --inplace *.ipynb
```

नोटबुक 40 केबीवर आलं. चेकपॉइंटचं फोल्डर हाताने उडवलं. फोल्डर 18 एमबी, मेल गेला.

दोन गोष्टी मात्र या कमांडने जात नाहीत. मार्कडाउन सेलमध्ये ओढून टाकलेली चित्रं आउटपुट नसतात, ती तशीच राहतात. आणि फोल्डरमध्ये गिट असेल तर जुन्या कमिटमधली जाडी नोटबुकं .git मध्ये कायम असतात. साफ केलेली फाईल कमिट केली तरी ते हलकं होत नाही. त्यासाठी इतिहासच नव्याने लिहावा लागतो, आणि टीममध्ये ते सगळ्यांना सांगून करायचं काम. म्हणून पहिल्या कमिटआधीच, रेपॉझिटरीत हे करून टाकावं:

```
pip install nbstripout
nbstripout --install
```

मग कमिटमध्ये आउटपुट जातच नाही, तुमच्या स्क्रीनवर मात्र राहतं. फक्त ही सेटिंग क्लोनबरोबर जात नाही, प्रत्येकाला आपापल्या मशीनवर करावी लागते.

आणि हो, स्क्रीनवर बघायला 100 डीपीआय पुरतं. 300 च्या तुलनेत पिक्सेल एक नवमांश! भावाने लूपमध्ये तेवढा एक आकडा बदललाय.