मुद्दल आणि मुदत

बँकेने धाडलेला हप्त्यांचा तक्ता तिसऱ्यांदा ताळून पाहिल्यावर आज अखेर अर्ज लिहावयास बसलो. ५ जून रोजी हप्ता वळता होऊन गृहकर्जाची शिल्लक मुद्दल २०,००,००० रुपये उरली होती, आणि त्याच दिवशी मी ४,००,००० रुपयांचा अंशतः भरणा केला. असे असता, ५ जुलैच्या नोंदीत, द. सा. द. शे. ९ दराने १६ लाखांवर १२,००० रुपये व्याज यावयाचे तेथे पुऱ्या २० लाखांचे १५,००० आकारलेले पाहून, माझी रक्कम मुद्दलातून वजा झालीच नाही, हे उमगावयास फारसे गणित लागले नाही.

अर्जात रागाचा एकही शब्द ठेवला नाही (तीन खोडले, ते निराळे). तारखा, आकडे आणि पावतीची नक्कल जोडून एवढेच मागितले की, भरणा ५ जूनपासून मुद्दलात धरावा आणि हप्ता २५,३३५ रुपये तोच ठेवून मुदत घटवावी. हे दुसरे स्पष्ट न लिहिल्यास हप्ता २०,२६८ वर उतरून मुदत पूर्वीचीच १२० महिने राहण्याचा संभव, आणि मग व्याजाची खरी बचत हातची जाते. माझ्या हिशेबाने आता ८६ हप्ते उरतात, शेवटचा किंचित लहान. पोच घेऊन आलो. शिक्का मात्र पुसट उमटला आहे.