पुलगाव-आर्वी गाडीची चित्रं आणि पालकांना लिहिलेली सूचना

शाळेतून घरी जाणाऱ्या सूचनेत साधारणपणे तारीख, वेळ आणि शुल्क एवढंच असतं. सहावीच्या वर्गाच्या चित्रपुस्तकासाठी मी मुख्याध्यापिका म्हणून पालकांना लिहिलेली सूचना मात्र दोन पानांची झाली आणि तिला पुरवणीही जोडावी लागली. पुस्तकातली चित्रं संगणकाकडून तयार करून घेतलेली होती. तेवढं एका ओळीत कळवून हात झटकणं मला पटेना. कोणतं चित्र कोणत्या शब्दांतून आलं, ते शब्द कोणी लिहिले आणि कशासाठी बदलले, हे आईबापांना कळलं नाही तर मुलाने नेमकं काय काम केलं हेही कळत नाही. म्हणून पुस्तकातल्या प्रत्येक चित्राचे प्रॉम्प्ट, म्हणजे संगणकाला दिलेल्या लेखी सूचना, आम्ही पहिल्या मसुद्यापासून शेवटच्यापर्यंत जसेच्या तसे पुरवणीत छापले.

विषय होता पुलगाव-आर्वी रेल्वे. विदर्भातला कापूस मुख्य मार्गापर्यंत आणण्यासाठी इंग्रज कंपनीने टाकलेल्या छोट्या मार्गांपैकी हा एक. साधारण 35 किलोमीटरचा. सोरटा, विरूळ, रोहणा करत गाडी आर्वीला जायची. ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. आजच्या सहावीतल्या पोरांनी ती पाहिलेली नाही, त्यांच्या आजीआजोबांनी मात्र तिच्यातून प्रवास केला आहे. मुलांनी घरोघरी विचारून आठवणी लिहून आणल्या. आठवणी भरपूर आणि फोटो जवळपास नाहीत, म्हणून चित्रांची गरज पडली.

एका चित्राची हकीकत सांगते. पुलगावहून निघालेली गाडी कपाशीच्या शेतांमधून जाते आहे, असं पान होतं. मुलांचा पहिला प्रॉम्प्ट असा होता:

```
पुलगाव-आर्वी गाडी, जुन्या काळातली, सुंदर चित्र
```

आलेलं चित्र खरंच सुंदर होतं. निळं चकचकीत इंजिन, वळणदार रूळ आणि मागे हिरवे डोंगर. वर्धा जिल्ह्यातल्या त्या वाटेवर असा डोंगर नाही. हे का झालं, ते मी वर्गात समजावून सांगितलं आणि सूचनेतही लिहिलं. हे साधन पुलगावला आलेलं नाही. त्याने पाहिलेली असतात ती असंख्य चित्रं आणि त्यांच्यासोबतचे मजकूर. छोट्या रुळांवरच्या भारतीय गाड्यांचे फोटो म्हटले की त्यांत दार्जिलिंग आणि माथेरान जागोजागी असणार. आपण ‘जुनी छोटी गाडी’ म्हटलं की आपल्या शब्दांना जे सर्वांत जास्त वेळा चिकटलेलं आहे, तेच ते पुढे करतं. ‘पुलगाव-आर्वी’ या नावामागे त्याच्याजवळ फारसं काही नसतं, त्यामुळे नाव लिहून उपयोग होत नाही. तिथे काय दिसतं, ते लिहावं लागतं.

दुसऱ्या मसुद्यात मुलांनी साहजिकच ‘डोंगर नको’ अशी भर घातली. डोंगर गेले नाहीत, उलट एक वाढला. अशा अनेक साधनांचं हे दुखणं आहे: वाक्यात ‘डोंगर’ शब्द आला की चित्र त्या दिशेला झुकतं, आणि ‘नको’चा जोर अनेकदा कमी पडतो. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असते, पण आमच्याकडे ती नव्हती. उपाय असा की डोंगराच्या जागी जे आहे ते भरून टाकायचं. एका मुलीने आजीला पुन्हा विचारलं, ‘गाडीच्या खिडकीतून काय दिसे?’ आजी म्हणाली, ‘काय दिसन वो बापा, पऱ्हाटीच पऱ्हाटी, नजर पुरत नाही तोवर.’ त्यावरून तिसरा मसुदा झाला:

```
बाजूने दिसणारी छोटी वाफेची आगगाडी.
क्षितिजापर्यंत सपाट काळी जमीन.
कमरेएवढी कपाशीची झाडं, बोंडं फुटलेली,
पानं तांबूस झालेली. दूर एकच बाभूळ.
```

डोंगर गेले. मग एका मुलाच्या लक्षात आलं की मसुद्यात बाजूने म्हटलेलं असूनही चित्रात गाडी तिरपी, जवळजवळ समोरून आली आहे आणि रूळ फार रुंद आहेत. ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती मोजून तपासता येते. आर्वीची गाडी नॅरोगेज होती. दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. पुलगाव स्टेशनातून आज जाणाऱ्या मुंबई-नागपूर गाड्यांचे रूळ ब्रॉडगेज, 1676 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. साडेपाच फूट ही मोठ्या माणसाची उंची. चित्रात रुळाशेजारी एक गँगमन उभा होता, आणि पट्टीने मोजल्यावर दोन रुळांमधलं अंतर त्याच्या उंचीएवढंच भरलं. नॅरोगेजमध्ये ते त्याच्या निम्म्याहून कमी हवं होतं. तिरप्या चित्रात लांबचं लहान दिसतं, म्हणून रूळ ज्या जागी मोजायचे त्याच जागी उभ्या असलेल्या माणसाशी तुलना करायची, हेही मुलांना तेव्हा शिकता आलं.

पोरांनी पुढच्या मसुद्यात ‘762 मिमी’ लिहिलं. काही फरक पडला नाही. चित्र बनवणाऱ्या साधनाच्या हातात पट्टी नसते, आकडा त्याच्यासाठी आणखी एक शब्द असतो. डब्यांची संख्याही अशीच चुकत राहिली. आकड्यापेक्षा तुलना थोडी बरी चालते, म्हणून ‘रुळांमधलं अंतर माणसाच्या मांडीइतकं’ असं लिहून पाहिलं. त्याने काही चित्रं सुधारली, काही नाही. तोच प्रॉम्प्ट पुन्हा दिला तरी दर वेळी वेगळं चित्र येतं, त्यामुळे एक बरोबर आलं म्हणून पुढचं बरोबर येईल याचा भरवसा नाही.

शेवटी वर्गाने बघणाऱ्याची जागा पक्की केली. ‘बाजूने दिसणारी’ एवढ्याने भागत नव्हतं, म्हणून बघणारा शेताच्या बांधावर उभा आहे आणि गाडी त्याच्यासमोरून डावीकडून उजवीकडे जाते आहे, असं लिहिलं. अगदी बाजूने पाहिलं की दोन रुळांमधलं अंतर दिसतच नाही, मग ते चुकीचं दाखवलं जाण्याचा प्रश्न मिटतो. गाडीचा लहानपणा दाखवायला डब्याच्या दाराशी उभा माणूस घातला, ‘डोकं जवळजवळ छताला टेकलेलं’. जे दाखवता येत नाही ते चौकटीबाहेर ठेवायचं, ही चित्रकाराची जुनी युक्ती. मुलांना ती इथे सापडली.

स्टेशनच्या पाटीचं वेगळंच झालं. देवनागरीत ‘पुलगाव’ लिहायला सांगितलं की आमच्या साधनाकडून अक्षरासारखं दिसणारं काहीतरी यायचं. काना जागेवर, उकार भलतीकडे, आणि ‘आर्वी’तला रफार तर हमखास हरवलेला. नवी साधनं यात सुधारत आहेत, पण प्राथमिक शाळेच्या पुस्तकात एकही मोडकं अक्षर मला चालणार नाही. म्हणून प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये ‘पाटी कोरी’ असं लिहिलं आणि छापलेल्या चित्रावर पाटीची अक्षरं मुलांनी काळ्या शाईने हाताने काढली.

सूचनेत मी सर्वांत जास्त जागा दिली ती चित्राच्या शैलीला. या साधनाला ‘जुना कृष्णधवल फोटो’ म्हटलं की ते हुबेहूब फोटो देतं: कडा पिवळ्या, मध्ये ओरखडा. मुलांना तो फार आवडला. मी तो पुस्तकात घेऊ दिला नाही. गाडीचे खरे फोटो दुर्मिळ आहेत, आणि असा एक खोटा फोटो गावातल्या मोबाइलवर फिरू लागला की काही वर्षांत तोच पुरावा होऊन बसेल. आजोबांच्या आठवणीला तो दुरुस्त करू लागेल. म्हणून प्रत्येक प्रॉम्प्टची शेवटची ओळ सारखी ठेवली:

```
पेन्सिलचं रेखाचित्र, फिक्या जलरंगात. फोटोसारखं नाही.
```

जाणकार वाचक विचारतील की इथे ‘नाही’ कसं चालवलं. काम पेन्सिल आणि जलरंग हे शब्दच करतात, शेवटचे दोन शब्द मुलांच्या आग्रहाने राहिले. पालकांसाठी सूचनेत हे असं गेलं:

‘या पुस्तकातील चित्रे संगणकाने तयार केलेली आहेत. ती आठवणींवर आधारित आहेत, पुरावा नाहीत. प्रत्येक चित्राखाली तसे नमूद केले आहे. कृपया चित्र कापून, ओळ वगळून पुढे पाठवू नये.’

संमतीचा भाग थोडक्यात होता, पण पक्का. मुलांच्या नावाने कुठेही खातं उघडलं नाही, साधन शिक्षिकेच्या खात्यावर, शाळेच्या संगणकावर आणि वर्गाच्या पडद्यावर चालवलं. कोणत्याही मुलाचा किंवा आजीआजोबांचा फोटो, आवाज वा नाव त्यात घातलं नाही. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. माहिती मुळातच बाहेर न देणं हा त्यावरचा सर्वांत सोपा मार्ग. हयात चित्रकाराचं नाव घालून ‘त्यांच्यासारखं काढ’ म्हणायचं नाही, हाही नियम होता. आणि पुलगावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको असा आणखी एक: गावातल्या दारूगोळा भांडाराचं चित्र, कल्पनेतलं असलं तरी, मागायचं नाही.

पालक सभेत बहुतेक प्रश्न पुरवणी वाचूनच आले, त्याचा मला आनंद झाला. एका बाबांनी उभं राहून विचारलं, ‘मॅडम, चित्र मशीनच काढते, मंग पोरगा चित्रकला काहून शिकन?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आमच्या कामाच्या क्रमात आहे. आधी प्रत्येक मुलाने आठवण ऐकून पेन्सिलने आपलं चित्र काढायचं. ते चित्र समोर ठेवून, त्यात काय कुठे आहे हे शब्दांत लिहायचं. तोच पहिला मसुदा. ज्या मुलांनी चित्र मन लावून काढलं होतं, त्यांचे मसुदे नेमके होते, कारण खिडकी किती उंचीवर येते हे त्यांनी हाताने ठरवलेलं होतं. जी मुलं थेट मजकुराकडे वळली, त्यांच्या मसुद्यांत ‘सुंदर’, ‘भव्य’, ‘मस्त’ हे शब्द जास्त. ‘सुंदर’ म्हटल्याने चित्रात फक्त सूर्यास्त वाढतो. शिक्षिकेने नंतर ती तिन्ही विशेषणं फळ्यावर लिहून बंद करून टाकली. पुस्तकाच्या डाव्या पानावर मुलाचं पेन्सिलचित्र आहे आणि उजव्या पानावर संगणकाचं, दोन्ही सारख्याच मापाची.

रोहणा स्टेशनच्या पानावर उजवी बाजू मोकळी आहे. तिथली इमारत कशी होती यावर दोन आजोबांचं एकमत झालं नाही, एकाला कौलं आठवतात आणि दुसऱ्याला पत्रे. साधनाने दोन्ही प्रकारची देखणी चित्रं दिली असती. वर्गाने दोन्ही आठवणी शब्दांत छापल्या आणि चौकट रिकामी ठेवली. सूचनेच्या शेवटी त्यासाठी एक विनंती आहे: घरात त्या मार्गावरच्या कोणत्याही स्टेशनचा जुना फोटो असल्यास शाळेत दाखवावा, आपल्यासमोर स्कॅन करून लगेच परत केला जाईल, आणि छापण्यापूर्वी आपली परवानगी घेतली जाईल.