आधी कपाळ, मग कात्री

कामणमधल्या माझ्या पार्लरमध्ये लग्नसराईच्या तोंडावर मुली मोबाइलमध्ये एखाद्या नटीचा फोटो घेऊन येतात. मी मात्र आधी त्यांचा स्वतःचा फोटो मागते. 'साधना कट' घराघरांत ठाऊक आहे. पण १९६०च्या 'लव्ह इन सिमला'च्या वेळी साधनाचं रुंद कपाळ झाकायला दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नसारखे पुढचे केस सुचवले, म्हणून तो जन्मला. तो एका ठरावीक कपाळावरचा उपाय होता.

सेल्फीवरून कपाळ कळत नाही. जवळून आणि वरून धरलेल्या मोबाइलमध्ये ते आहे त्याहून मोठं दिसतं. केस मागे बांधून, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर धरून, पाच-सहा फुटांवरून दुसऱ्या कुणीतरी काढलेला फोटो हवा. मग केसांच्या रेषेपासून भुवयांपर्यंत आणि भुवयांपासून नाकाच्या बुडापर्यंत अशी दोन अंतरं ताडून बघायची. पहिलं अंतर उघड मोठं असेल, तर कपाळ उंच.

अलीकडे एका होणाऱ्या नवरीला सरळ, दाट फ्रिंज हवी होती. कपाळ उंच होतं, पण फोटोत उजव्या भुवईच्या वर, केसांच्या रेषेवरच भोवरा दिसला. तिथले केस वर उठून डावीकडे वळत होते. सरळ फ्रिंज तिथे तासाभरात फाकली असती. म्हणून भांग उजवीकडे, भोवऱ्यापासूनच काढला आणि पुढचे केस त्यांच्या कलाने डावीकडे वळवले.

फ्रिंजसाठी केसांचा त्रिकोण घेतला. टोक रेषेच्या दोन इंच मागे, म्हणजे केसांच्या वजनाने भोवरा दबतो; दोन्ही कोपरे भुवयांच्या टोकांपर्यंतच. कानशिलावरचे केस विरळ होते, ते फ्रिंजमध्ये ओढले असते तर कानशिलं उघडी पडली असती. कापले कोरडेच, कारण ओले केस ताणतात आणि वाळल्यावर आखडतात. आधी गालाच्या हाडापर्यंत ठेवून मग थोडे थोडे कमी केले. कानशिलं झाकायला पहिली लेयर गालाच्या हाडापाशी, बाकीच्या हनुवटीखाली. डोक्यावर आखूड लेयर्स दिल्या असत्या, तर केस फुगून चेहरा आणखी लांब दिसला असता.

बुटक्या कपाळाला नेमक्या त्याच फुगीर लेयर्स शोभतात. दाट फ्रिंज मात्र उरलंसुरलं कपाळही गिळते. तिथे दोन्हीकडे उघडणाऱ्या पातळ, लांब बटा पुरतात.

फोटोत केसांची जाडी नीट कळत नाही, ती हातानेच बघावी लागते. कानशिलावर तुटके, बारीक केस दिसले, तर घट्ट वेण्या आणि अंबाडे आधी थांबवायचे. रेषा मागे सरकतच असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं.

फ्रिंज लग्नाच्या महिनाभर आधी कापून घ्यावी. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. लांब राहिलेली बट आयत्या वेळीही कापता येते, पण आखूड झालेलीला तेवढे दिवस द्यावेच लागतात.