डबे मोजले, पण भाव कुठला धरायचा?

बार्शीतल्या एका घाऊक तेल व्यापाऱ्याचे हिशेब मी लिहितो. मार्चअखेर गोदामात सोयाबीन तेलाचे १२० डबे निघाले. संख्येवर वाद नव्हता, किमतीवर होता.

वर्षारंभी १०० डबे होते, १,८०० रुपयांनी घेतलेले. ऑक्टोबरात २०० आले १,९५० ने, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात १०० आले २,२५० ने. एकूण ४०० डबे, ७,९५,००० रुपयांचे. आधी आलेला माल आधी गेला असं धरलं, म्हणजे फिफो लावलं, तर शिल्लक राहतात मार्चचे १०० आणि ऑक्टोबरचे २०. किंमत २,६४,०००. वर्षाची भारित सरासरी काढली तर डबा पडतो १,९८७.५० ला आणि साठा २,३८,५०० चा.

"मग सरासरीच लावा की," शेठ म्हणाले. "साडेपंचवीस हजारांनी नफा कमी दिसेल."

दिसेल खरा, पण यंदाचा अखेरचा साठा म्हणजेच पुढच्या वर्षीचा आरंभीचा साठा. आरंभीचा साठा कमी धरला की पुढच्या वर्षी नफा तेवढाच वाढतो. कर टळत नाही, पुढे जातो.

शिवाय सरासरी कुठली, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वर्षाच्या सरासरीत एप्रिलचा १,८०० चा भावही मिसळतो, जरी तो माल केव्हाच विकून झालेला असला तरी. म्हणून मी प्रत्येक खरेदीला नवी सरासरी काढून दाखवली. ऑक्टोबरचा माल आला तेव्हा जुने ४० डबे उरले होते. २४० डब्यांची सरासरी १,९२५ झाली. मार्चचा माल आला तेव्हा त्यातले २० उरले होते, म्हणजे ३८,५०० रुपयांचे. त्यात नवे २,२५,००० मिळवले की १२० डब्यांचे २,६३,५०० होतात. फिफोहून फक्त ५०० कमी! बहुतेक शिल्लक माल ताजा असला की दोन्ही उत्तरं अशीच जवळ येतात.

लेखामानक २ ला फिफो आणि भारित सरासरी दोन्ही चालतात, पण सोयीप्रमाणे दरवर्षी पद्धत बदलणं चालत नाही. शेठच्या वह्या आधीपासून फिफोवर होत्या, तशाच ठेवल्या.

तरी शेठनी मला मागच्या रांगेकडे नेलं. हमालांनी नवा माल पुढे रचलेला, आणि भिंतीशी सहा डब्यांवर गेल्या वर्षीच्या पॅकिंगची तारीख. "हे तर एप्रिलचेच, मग आधीचा आधी गेला कुठं?" फिफो किमतीचा क्रम धरतं, कुठला डबा आधी उचलला ते पाहत नाही. पण त्या सहा डब्यांची मुदत संपत आली होती आणि १,५०० च्या वर गिऱ्हाईक नव्हतं. खरेदी किंमत आणि विकून हाती येणारी रक्कम यांतली कमी ती धरायची असते, त्यामुळे ते सहा वेगळे काढून १,५०० नेच लिहिले.